दहा मिनिटांची प्रश्नावली, एका पानाचा अर्ज

शाळा सुरू होऊन महिना उलटला, की प्राचार्यांच्या टेबलावर एका ठरावीक नमुन्याचे अर्ज येऊ लागतात. कुणी एम.एड. करत असतं, कुणी समाजकार्य शिकत असतं, कुणाची पीएच.डी. चाललेली असते. मजकूर बहुधा एवढाच असतो: ‘मी अमुक महाविद्यालयात शिकत असून माझ्या लघुशोधप्रबंधासाठी आपल्या विद्यालयातील विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आहे. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.’ भाषा नम्र आहे, व्याकरण बिनचूक आहे, सोबत मार्गदर्शकांचं शिफारसपत्रही आहे. तरीही या अर्जावरून प्राचार्यांना काहीच ठरवता येत नाही. मुलं कुठल्या इयत्तेची हवीत, किती हवीत, त्यांना विचारणार काय, वेळ किती जाणार आणि भरलेले कागद पुढे कुणाच्या हातात पडणार, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात पत्ता नसतो.

मग दोनपैकी एक होतं. ‘सध्या चाचणी परीक्षा आहेत, दिवाळीनंतर या,’ असं सांगून प्राचार्य विषय मिटवतात. किंवा ते भल्या मनाचे असतात आणि शिपायाला हाक मारून सांगतात, ‘यांना नववी अ मध्ये घेऊन जा, पी.टी.चा तास आहे.’ पहिल्या उत्तरानं संशोधन लांबतं. दुसऱ्यानं ते झाल्यासारखं दिसतं, पण आतून बिघडतं. कारण अनेक शाळांत ‘अ’ तुकडी म्हणजे जास्त गुणांची मुलं असतात, आणि पी.टी.चा तास बुडाल्यानं चिडलेली मुलं कागद कसा भरतील हे सांगायला नको.

अर्ज नीट लिहिला तर या दोन्ही गोष्टी टळतात. तो कसा लिहायचा, हे एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहिलं तर स्पष्ट होईल.

समजा, एका एम.एड.च्या विद्यार्थिनीनं नववीच्या मुलांची झोप हा विषय घेतला आहे. महाराष्ट्रात हा विषय जिवंत आहे. डिसेंबर 2023 मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचं सांगत शाळांच्या वेळांचा फेरविचार व्हावा असं सुचवलं. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला. नववी-दहावीला मात्र तो लागू नाही. अनेक शहरी शाळा दोन सत्रांत भरतात आणि मोठी मुलं सकाळी सातला प्रार्थनेला उभी असतात. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या राष्ट्रीय संस्थेची शिफारस आहे. सकाळच्या सत्रातल्या आणि दुपारच्या सत्रातल्या मुलांना शाळेच्या दिवशी प्रत्यक्षात किती झोप मिळते, एवढाच या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. त्यासाठी तिला एकाच भागातल्या, एकाच माध्यमाच्या दोन शाळा हव्या आहेत. त्यांतली सकाळी भरणारी शाळा म्हणजे एक ‘विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालय’ आहे. म्हणून तिथला अर्ज प्राचार्यांच्या नावे जाणार.

अर्ज लिहायला बसण्याआधी प्रश्नावली पक्की व्हावी लागते. ती अर्जासोबत जोडायची असते आणि प्राचार्य सगळ्यात आधी तीच उलटून पाहतात. या विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात एक प्रश्न असा होता: ‘तुम्ही रोज किती तास झोपता?’ त्याचं उत्तर मुलं अंदाजानं देतात, आणि बरीच जण पुस्तकात वाचलेला ‘आठ’ हा आकडा टाकून मोकळी होतात. तिनं प्रश्न बदलला: ‘काल रात्री किती वाजता झोपलास/झोपलीस?’ आणि ‘आज सकाळी किती वाजता उठलास/उठलीस?’ रात्री सव्वाअकरा आणि सकाळी पावणेसहा अशी दोन उत्तरं आली, की साडेसहा तास हा हिशेब तिचा तिला करता येतो. मुलाला तो करावा लागत नाही आणि ‘बरोबर’ उत्तर कुठलं हेही त्याला कळत नाही.

पण प्रश्न बदलताच पाहणीचा वारही ठरून जातो. सोमवारी ‘काल रात्री’ म्हणजे रविवारची रात्र. त्या दिवशी सकाळी उशिरा उठलेलं मूल रात्री लवकर झोपत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत तर कुणाच्याच झोपेचा ताळमेळ नसतो. म्हणून मंगळवार ते शुक्रवार यांमधला, आदल्या दिवशी सुटी नसलेला वार हवा. अर्जात ‘आपल्या सोयीनुसार कोणताही दिवस’ असं लिहिणं सौजन्याचं वाटतं, पण मग सोमवारच मिळाला तर तक्रार करता येत नाही. तेव्हा कारणासह दोन-तीन तारखा सुचवायच्या आणि त्यांतली एक निवडण्याची विनंती करायची.

पहिल्या मसुद्यात आणखी एक दोष होता, आणि तो विद्यार्थ्यांच्या बहुतेक प्रश्नावल्यांत सापडतो. वरच्या भागात नाव, हजेरी क्रमांक, जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय आणि कुटुंबाचं उत्पन्न अशी सगळी माहिती मागितलेली होती. जुन्या प्रबंधांतल्या प्रश्नावल्या समोर ठेवून नवी बनवली, की हे रकाने आपोआप उतरतात. झोपेच्या प्रश्नाला यातलं काय लागतं? तिच्या मार्गदर्शकांनी तिला प्रत्येक रकान्यापुढे त्याचा उपयोग लिहायला लावला. ज्यापुढे काही लिहिता आलं नाही तो रकाना गेला. शेवटी मुलगा की मुलगी आणि शाळेत यायला लागणारा वेळ एवढंच उरलं. एकूण प्रश्न झाले चौदा.

नाव काढून टाकलं म्हणजे ओळख लपली, असंही नाही. 48 मुलांच्या वर्गात नऊच मुली असतील आणि त्यांतली एकच शेजारच्या गावाहून एस.टी.नं येत असेल, तर ‘मुलगी’ आणि ‘एस.टी.’ या दोन खुणा तिला ओळखायला पुरेशा आहेत. म्हणूनच तिनं गावाचं नाव आणि वाहन न विचारता ‘घरातून शाळेत पोचायला किती मिनिटं लागतात’ एवढंच विचारलं, आणि उत्तरंही चार गटांत दिली.

मुलांना काय विचारावं आणि कसं विचारावं, याबद्दल 1973 सालचा एक अमेरिकी खटला आजही वाचण्यासारखा आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या नॉरिसटाउन इथल्या शाळांत आठवीच्या मुलांची पाहणी करायचं ठरलं होतं. पुढे अमली पदार्थांच्या आहारी जाऊ शकतील अशी मुलं आधीच हेरायची, हा हेतू. प्रश्नावलीत मुलांना त्यांच्या घराबद्दल विचारलं होतं: लहानपणी आई-वडील झोपताना जवळ घेत होते का, लाड करत होते का. वर्गातल्या वेगळं वागणाऱ्या मुलांची नावंही मुलांकडूनच मागितली होती. पालकांनी नकार कळवला नाही तर त्यांची संमती आहे असं धरायचं, अशी मूळ योजना होती. एका विद्यार्थ्याच्या आईनं न्यायालयात धाव घेतली. ‘मेरिकेन विरुद्ध क्रेसमन’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात केंद्रीय न्यायालयानं तो कार्यक्रम थांबवला. पालकांना पाठवलेल्या पत्रात कार्यक्रमाची भलामणच होती, धोक्यांचा उल्लेख नव्हता, हे न्यायालयाला खटकलं. ज्या मुलाला भाग घ्यायचा नाही, त्याच्याकडे इतर मुलं संशयानं पाहतील, याचीही निकालात दखल घेतलेली आहे.

त्या योजनेमागचा हेतू वाईट नव्हता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. उद्देश चांगला आहे एवढं सांगून अर्ज पुरा होत नाही. पत्रात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत: या पाहणीतून शाळेला काय मिळेल, आणि मुलांना कुठे अवघडल्यासारखं होऊ शकेल. झोपेच्या प्रश्नावलीत ही जागा एकच होती, ‘रात्री झोप न येण्याचं किंवा मोडण्याचं कारण’ या प्रश्नाची. तिथे घरातली भांडणं, आजारपण, भीती असं काहीही येऊ शकतं. तिनं त्या प्रश्नाला मोकळी जागा न ठेवता अभ्यास, मोबाइल, आवाज किंवा उजेड, इतर आणि ‘सांगायचं नाही’ असे पाच पर्याय दिले, आणि हा प्रश्न कुठला आहे ते अर्जात क्रमांकासह लिहिलं.

यातून एक कायद्याचा मुद्दाही निघतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं किंवा तशी शंका आली, तर ती माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संशोधकाला त्यातून सूट नाही. म्हणून ‘तुमचं उत्तर कधीही, कुणालाही सांगितलं जाणार नाही’ असं मुलांना वचन देता येत नाही. एखाद्या मुलानं समासात काही लिहिलं किंवा कागद देताना काही बोललं, तर काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. शाळेतल्या कुठल्या शिक्षिकेशी किंवा समुपदेशकाशी बोलायचं ते प्राचार्यांना विचारून ठेवावं आणि 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रश्नावलीच्या तळाशी छापावा.

आता परवानगी नेमकी कुणाची, हे पाहू. खासगी अनुदानित शाळेत प्राचार्यांची सही लागते, आणि काही ठिकाणी संस्थेच्या सचिवांचीही. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक बहुधा वरिष्ठांचं पत्र मागतात. तिथे आधी गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे जावं लागतं आणि त्यात दिवस जातात. संशोधन आरोग्याशी निगडित असेल तर आपल्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या नीतिशास्त्र समितीकडे प्रश्नावली आधी दाखवावी आणि तिची मान्यता अर्जाला जोडावी.

पण यातली कुठलीही सही मुलाची संमती ठरत नाही. प्राचार्य वर्गात जायची मुभा देऊ शकतात, मुलाच्या वतीनं ‘हो’ म्हणू शकत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2017 साली मुलांवरच्या संशोधनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पालकांच्या संमतीसोबत मुलाचा स्वतःचा होकारही मागितला आहे. 7 ते 12 वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार चालतो, त्यापुढे 18 वर्षांपर्यंत लेखी हवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंही 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. हा कायदा ओळख पटवणाऱ्या डिजिटल माहितीबद्दल आहे. कागदावर, नावाशिवाय घेतलेली उत्तरं त्या चौकटीत सहसा येत नाहीत. गुगल फॉर्म मात्र पटकन येऊ शकतो, कारण त्यात ई-मेल पत्ता गोळा करण्याची सोय चालू राहिली, तर प्रत्येक उत्तराला ओळख चिकटते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेला फॉर्म बरेचदा आईच्या मोबाइलवर, आईच्या देखत भरला जातो हा आणखी एक प्रश्न. रात्री किती वाजेपर्यंत मोबाइल पाहिला, याचं उत्तर तिथे खरं येणार नाही. या विद्यार्थिनीनं कागद निवडला तो याच कारणानं.

पालकांच्या संमतीची चिठ्ठी मुलांबरोबर घरी पाठवली, की दुसरी अडचण उभी राहते. सगळ्या चिठ्ठ्या परत येत नाहीत. काही पालकांचा नकार असतो, पण बऱ्याच चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशीच राहतात. ज्या घरांत आई-वडील उशिरा कामावरून येतात, जिथे वाचणारं कुणी नाही, तिथून त्या कमी येतात. आणि झोपेच्या पाहणीत नेमकी हीच मुलं निसटली तर निष्कर्ष गुळगुळीत होतो. म्हणून चिठ्ठी सोप्या मराठीत, अर्ध्या पानाची असावी, पाहणीच्या किमान आठवडाभर आधी जावी आणि एकदा आठवण करून द्यावी. तरीही परत न आलेली चिठ्ठी म्हणजे होकार, असं धरायचं नाही.

आता तुकडी कुठली, याकडे वळू. मोठ्या पाहण्यांत हे काम कसं करतात, ते पाहण्यासारखं आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2019 साली देशभरातल्या शाळकरी मुलांच्या तंबाखू सेवनाची पाहणी केली. 987 शाळा आणि 97 हजारांहून अधिक विद्यार्थी एवढा तिचा आवाका होता. तिथे आधी शाळा निवडल्या गेल्या, मग त्या शाळांतले वर्ग यादृच्छिक पद्धतीनं काढले गेले, आणि निवडलेल्या वर्गातल्या सगळ्या मुलांना सहभागाची संधी दिली गेली. प्रश्नावली नावाशिवाय, मुलांनी स्वतः भरायची होती. ‘चांगली मुलं’ किंवा ‘रिकामा वर्ग’ असा पर्याय या पद्धतीत कुणालाच उरत नाही.

दोन शाळांच्या छोट्या पाहणीतही हे जमतं. शाळेत नववीच्या चार तुकड्या असतील, तर चार चिठ्ठ्या टाकून दोन काढायच्या. चिठ्ठ्या प्राचार्यांच्या कार्यालयात, त्यांच्यासमोर काढल्या तर आणखी चांगलं, कारण मग त्यांनाही कारण कळतं. हे अर्जात एका वाक्यात सांगितलं, की ‘नववी अ घ्या’ हे उत्तर सहसा येत नाही. 2022 साली एन.सी.ई.आर.टी.नं शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याची पाहणी केली, तेव्हा सुमारे 3 लाख 80 हजार मुलांपर्यंत ती पोचली. त्यातही नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या पाहणीत जे जमलं, ते शंभरेक मुलांच्या पाहणीत न जमण्याचं कारण नाही.

उरला वेळ. चौदा प्रश्न भरायला किती मिनिटं लागतात, हे अंदाजानं सांगू नये. या विद्यार्थिनीनं ओळखीच्या घरांतल्या, त्या शाळेत न शिकणाऱ्या सहा मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि घड्याळ लावलं. सगळ्यात सावकाश लिहिणाऱ्या मुलाला दहा मिनिटं लागली. सरासरीपेक्षा हाच आकडा महत्त्वाचा, कारण वर्ग शेवटच्या मुलासाठी थांबतो. पण दहा मिनिटांच्या प्रश्नावलीला वर्गात दहा मिनिटं पुरत नाहीत. आत जाऊन ओळख करून देणं, सूचना सांगणं, कागद वाटणं, शंका ऐकणं, कागद गोळा करणं यात पंधरा मिनिटं सहज जातात. तेव्हा 35 मिनिटांची पूर्ण तासिका मागायची. दहा मिनिटं मागून पुढच्या शिक्षकांचा तास खाल्ला, तर दुसऱ्या तुकडीत जायची वेळ येणार नाही.

या सगळ्या तयारीनंतर अर्ज लिहायला अर्धा तास पुरतो. तिचा अर्ज असा झाला:

प्रति,
मा. प्राचार्य,
(विद्यालयाचे नाव व पत्ता)

विषय: इयत्ता नववीच्या दोन तुकड्यांमध्ये झोपेविषयी छोटी पाहणी करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

मी (महाविद्यालयाचे नाव) येथे एम.एड.च्या द्वितीय वर्षात शिकत आहे. ‘शाळेची वेळ आणि नववीच्या विद्यार्थ्यांची झोप’ या विषयावर मी लघुशोधप्रबंध लिहीत आहे. सकाळच्या सत्रात भरणारी शाळा म्हणून आपल्या विद्यालयाची निवड केली आहे.

नववीच्या तुकड्यांपैकी दोन तुकड्या आपल्यासमोर चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि प्रत्येक तुकडीत एक तासिका (35 मिनिटे) मिळावी, अशी विनंती आहे. प्रश्नावलीत 14 प्रश्न असून ती भरण्यास सुमारे 10 मिनिटे लागतात. प्रश्न ‘काल रात्री’ विषयी असल्याने पाहणी सोमवारी किंवा सुटीच्या दुसऱ्या दिवशी करता येणार नाही. सोबत तीन तारखा सुचवल्या आहेत. त्यांपैकी आपल्या सोयीची तारीख कळवावी.

प्रश्नावलीत नाव, हजेरी क्रमांक, जात किंवा उत्पन्न विचारलेले नाही. प्रश्न क्र. 11 झोप मोडण्याच्या कारणाविषयी असून त्यात ‘सांगायचं नाही’ हा पर्याय आहे. एखादा प्रश्न आपणास अयोग्य वाटल्यास कळवावे. मार्गदर्शकांशी बोलून तो वगळता येईल.

पालकांची लेखी संमती व विद्यार्थ्यांचा स्वतःचा होकार घेतला जाईल. ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांना कारण विचारले जाणार नाही. प्रश्नावली मी स्वतः वाटेन व गोळा करेन. शिक्षकांवर त्याचे कोणतेही काम पडणार नाही. मात्र विद्यार्थ्यांना मोकळेपणाने लिहिता यावे, म्हणून त्या वेळी शिक्षकांनी वर्गाच्या मागील बाजूस किंवा दाराशी थांबावे, अशी विनंती आहे.

भरलेले कागद माझ्याकडे कुलूपबंद राहतील आणि मूल्यमापन पूर्ण झाल्यावर नष्ट केले जातील. प्रबंधात विद्यालयाचे नाव येणार नाही. निष्कर्षांचे एक पान मी आपणास आणून देईन. ही पाहणी दोनच शाळांपुरती असल्याने तिच्यावरून आपल्या विद्यालयाच्या वेळेविषयी कोणताही निवाडा केला जाणार नाही.

आपली विश्वासू,
(नाव, दूरध्वनी)

सोबत: मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, प्रश्नावली, पालकांसाठीची संमती-चिठ्ठी, महाविद्यालयाच्या ओळखपत्राची प्रत.

शेवटच्या परिच्छेदातल्या दोन वाक्यांना विशेष वजन आहे. शाळेचं नाव कुठे येईल आणि शेजारच्या शाळेशी तुलना होईल का, ही शंका प्राचार्य तोंडानं सहसा बोलून दाखवत नाहीत, पण ती असते. तिचं उत्तर आधीच देणं बरं. ‘एक पान आणून देईन’ हे लिहायला कारण असं, की परवानगी घेऊन गेलेले बरेच संशोधक पुन्हा फिरकत नाहीत, आणि त्याचा फटका पुढच्या वर्षी येणाऱ्याला बसतो.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन पोच ठेवावी. परवानगी मिळाल्यावर तीही लेखी मागावी, कारण प्रबंधाच्या परिशिष्टात ती जोडायची असते. पण तिथे जोडताना शाळेचं नाव आणि सही झाकावी, नाहीतर नाव येणार नाही हा शब्द शेवटच्या पानावर मोडतो. अर्जाची योग्य वेळ म्हणजे जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्ट, किंवा दिवाळीची सुटी संपल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे. ऑक्टोबरात प्रथम सत्र परीक्षा, डिसेंबरात स्नेहसंमेलन, आणि जानेवारीपासून दहावी-बारावीची धावपळ असते.

पाहणीच्या दिवशी काय बिघडू शकतं? सगळ्यात आधी, वर्गशिक्षक मदतीच्या भावनेनं मुलांना सांगतात, ‘खरं लिहा हं, मी नंतर बघणार आहे.’ एवढ्या एका वाक्यानं बाराला झोपणारी मुलं दहाला झोपू लागतात. म्हणून मुलांच्या देखत पहिलं वाक्य संशोधकाचं असावं: हे कागद शाळेतलं कुणी पाहणार नाही, यात गुण नाहीत, आणि ज्याला नको असेल त्यानं कोरा कागद परत दिला तरी चालेल. कागद एकेकाकडून हातात न घेता एका बंद खोक्यात टाकायला सांगावेत. मग कुणाचा कोरा आणि कुणाचा भरलेला, हे शेजारच्यालाही कळत नाही.

उत्तरं खरी आली का, हेही थोडंफार तपासता येतं. एका बाकावरच्या दोघांची चौदाच्या चौदा उत्तरं सारखी असतील तर ती नक्कल समजावी. उठण्याची वेळ सात आणि शाळेची वेळही सात असेल, तर त्या मुलाला प्रश्न कळलेला नाही. वर्गात अर्ध्याहून अधिक जणांनी नेमकी दहाची झोपेची वेळ लिहिली असेल, तर सूचना देताना काहीतरी चुकलं असण्याची शक्यता आहे. असे कागद गुपचूप काढून टाकू नयेत. किती वगळले आणि का, ते प्रबंधात लिहावं. त्या दिवशी गैरहजर मुलांची संख्याही नोंदवावी, कारण झोप पुरी न झाल्यानं शाळा बुडवलेली मुलं त्यांतच असू शकतात.

आणि प्राचार्यांनी ‘नाही’ म्हटलं तर? तो त्यांचा अधिकार आहे. नम्रपणे कारण विचारावं. कधी ते एखाद्या प्रश्नापुरतं असतं आणि तो वगळून काम होतं, कधी तारखेपुरतं. पण नकार पक्का असेल, तर ओळखीच्या संस्थाचालकाकडून फोन लावून घेऊ नये. वरून दबाव आला की परवानगी मिळते, पण मुलांना ‘नाही’ म्हणायची मोकळीक त्या वर्गात राहत नाही. त्याऐवजी सकाळी भरणाऱ्या शाळांची यादी आधीच करून ठेवावी आणि तिच्यातल्या पुढच्या शाळेकडे जावं. किती शाळांना विचारलं आणि किती शाळांनी नकार दिला, हे दोन आकडे प्रबंधाच्या नमुना निवडीच्या प्रकरणात लिहावेत. ज्या शाळांत मुलांवर ताण अधिक आहे त्यांनीच दार लावून घेतलं असेल, तर वाचणाऱ्याला ते या आकड्यांवरून ताडता येतं.